हेल्मेटऐवजी फेरिटिन: कोल्हापुरातल्या तालमींना आणि रक्तपेढ्यांना खुले पत्र

मा. अध्यक्ष व कार्यकर्ते, सर्व तालीम मंडळे व तरुण मंडळे, कोल्हापूर,
तसेच शहरातील रक्तपेढ्यांचे वैद्यकीय अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार. शिबिरात हेल्मेटं वाटण्याऐवजी तो पैसा वारंवार रक्त देणाऱ्यांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला घालावा, एवढं मागायला हे पत्र लिहितोय.

मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो. आमच्या तालमीच्या रक्तदान शिबिराची वही गेली चौदा वर्षं माझ्याकडं आहे. कोण आलं, वजन किती, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन किती, पिशवी कितीची, मागच्या वेळी कधी दिलं होतं, एवढं सगळं त्यात मी हातानं लिहितो. शिवजयंती, शाहू जयंती, गणपती, शिवाय अधूनमधून नेत्यांचे वाढदिवस. आपल्या गावात शिबिरांना तोटा नाही आणि रक्त देणाऱ्यांनाही नाही. पण गेल्या वर्षाची वही चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. चारही शिबिरांत निम्मी नावं तीच होती. पुरुषांना ९० दिवसांनी परत रक्त देता येतं आणि बायकांना १२० दिवसांनी. आमची काही पोरं तर एक्क्याण्णवाव्या दिवशी हजर.

पत्राचं निमित्त मात्र आमच्या गल्लीतली एक मुलगी आहे. वय तेवीस, वजन बावन्न किलो, त्यामुळं तिची पिशवी ३५० मिलिची. एकोणीस वर्षांची असल्यापासून वर्षाला तीनदा देते, एकदाही खंड नाही. उन्हाळ्यात एकदा ती आमच्या घरी आली होती. मंडळी, म्हणजे आमच्या सौ., सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ही गप्पा मारता मारता सुपातले कच्चे तांदूळ चिमटीनं उचलून तोंडात टाकत होती. कडाकड चावण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मंडळी अंगणवाडी सेविका आहेत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कधीपासनं खातीस गं?" पोरगी लाजली. म्हणाली, "काकू, वर्ष झालं असंल. आई ओरडती, पण राहवतच नाही."

माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटणं हे शरीरातलं लोह संपत आल्याचं जुनं लक्षण आहे. अंगणवाडीत गरोदर बायकांच्या बाबतीत मंडळींनी ते बऱ्याचदा बघितलेलं. मी वही काढली. मागच्या शिबिरात तिचं हिमोग्लोबिन १२.६. रक्त द्यायला १२.५ लागतं, म्हणजे पास. दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्ये पाठवून फेरिटिन तपासून घेतलं. आकडा आला ७, म्हणजे साठा जवळपास संपलेला.

आता तुम्ही विचाराल, एचबी पास आणि फेरिटिन ७, हे एकाच वेळी कसं? मला ते कळायला वेळ लागला नाही, कारण माझा धंदाच स्टोअरचा. शॉपवर दिसतो तो माल वेगळा आणि गोडाऊनमधला साठा वेगळा. शॉपवर माल कमी पडू नये म्हणून मी गोडाऊनमधून काढून देत राहतो, आणि गोडाऊन पार रिकामं होईपर्यंत शॉपवरच्या माणसाला पत्ता लागत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे शॉपवरचा माल. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरून ते टिकवतं. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन. त्यातलं थोडं रक्तातही फिरत असतं, आणि त्यावरून गोडाऊनमध्ये किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. साठा संपल्यावर, बऱ्याच दिवसांनी, हिमोग्लोबिन उतरायला लागतं. म्हणजे शिबिरात आपण जे तपासतो ते सगळ्यात शेवटी बिघडणारं आहे.

त्यात ती तपासणी कशी होते तेही बघा. बऱ्याच शिबिरांत अजून मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोटाच्या रक्ताचा थेंब सोडतात. थेंब पंधरा सेकंदांत तळाला गेला की पास, वर तरंगत राहिला की नापास. १२.५ च्या वर आहे की खाली, एवढंच त्यातून कळतं. १२.६ आणि १५.६ तिथं सारखेच. त्या थेंबाला नावं ठेवायची नाहीत, त्याचं काम तो करतो. पण ते काम म्हणजे रुग्णाला पातळ रक्त जाऊ नये आणि दात्याला त्या दिवशी चक्कर येऊ नये, इतकंच. दात्याचं पुढच्या वर्षी काय होईल हे त्या थेंबाला ठाऊक नसतं.

हिशेब मांडतो, कारण हिशेबाशिवाय हे पटत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. या मुलीच्या ३५० मिलिच्या पिशवीत सुमारे ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम लोह. वर्षात तीन पिशव्या, साडेचारशे मिलिग्रॅम. हे ३६५ दिवसांवर पसरलं तर रोजचं सव्वा मिलिग्रॅम. घाम, कातडी, पोटातून रोज जाणारं पाऊण-एक मिलिग्रॅम आणि पाळीतून जाणारं सरासरी अर्धा-पाऊण मिलिग्रॅम यात धरा. तिला रोज जवळजवळ पावणेतीन मिलिग्रॅम लोह अंगी लागायला हवं. आता जमेची बाजू. आपल्या भात-भाकरी, आमटी-भाजीच्या जेवणातलं लोह शरीर शेकडा आठच्या आसपास घेतं. दिवसभरात १५ मिलिग्रॅम पोटात गेलं तरी अंगी लागतं सव्वा मिलिग्रॅम. साठा कमी झाला की आतडी जरा जास्त ओढून घेतात, पण इतका फरक भरून निघत नाही. चार वर्षं हा तोटा गोडाऊनमधून भरला गेला. शेवटी गोडाऊनमध्ये उरलं ७.

पुरुषाचं गणित जरा बरं असतं, कारण पाळी नाही आणि सुरुवातीचा साठा मोठा. पण पिशवीही मोठी. १४.५ एचबीच्या माणसाच्या ४५० मिलिमध्ये सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. वर्षाला चारदा दिलं तर नऊशेच्या घरात. ९० दिवसांत हे भरून येतं असं आपण सगळे धरून चालतो. अमेरिकेत २१५ रक्तदात्यांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ साली छापून आला. रक्त दिल्यावर निम्म्यांना रोज साधारण ३८ मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली, निम्म्यांना नाही. गोळी न घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा साठा १६८ दिवसांनंतरही मूळ जागी आला नव्हता. गोळी घेणाऱ्यांचा साधारण अडीच महिन्यांत आला. म्हणजे ९० दिवस ही परत सुई टोचायला परवानगी असलेली मुदत आहे. तेवढ्यात साठा भरतोच असा त्याचा अर्थ कुणी लावू नये.

इथं कोल्हापूरकर म्हणून आपला एक गोड गैरसमज काढायला हवा. रक्त दिल्यावर आपण गूळ-शेंगदाणे देतो आणि "गुळात लोह असतंय" म्हणतो. असतं, काहिलीतूनही थोडं उतरतं. अगदी सढळ हातानं १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅम धरू. २५ ग्रॅमच्या खड्यात अडीच मिलिग्रॅम आलं आणि त्यातलं अंगी लागलं ०.२. एका पिशवीचे सव्वादोनशे मिलिग्रॅम गुळातून भरायचे तर रोज एक खडा खात तीन वर्षं बसावं लागेल. दुसरा गैरसमज तांबड्या रश्श्याचा. मटणातलं लोह चांगलं अंगी लागतं हे खरं, भाजीतल्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण ते फोडीत असतं, रश्श्याच्या कटात नव्हे. रविवारी दोन फोडी आणि चार वाट्या रस्सा, यात जीभ सोडून कुणाचा साठा भरत नाही. आणि पिशवी भरल्याबरोबर हातात येणारा चहा लोह शोषू देत नाही, ते वेगळंच. (दूध देणाऱ्यांनीही हसू नये. दुधात लोह जवळजवळ नसतंच.)

मग तपासणी कुणी करायची? सगळ्यांनी नको. वर्षातून एकदा देणारा, धडधाकट, एचबी १५ असलेला माणूस फेरिटिनसाठी पैसे घालवत असेल तर मी त्याला अडवीन. माझ्या वहीतून मी जी नावं काढली ती अशी: पाळी येणाऱ्या ज्या बायका-मुली वर्षाला दोनदा किंवा जास्त देतात त्या सगळ्या, तीनदा किंवा जास्त देणारे पुरुष, विशीच्या आतबाहेरची पोरं, आणि ज्यांचा एचबी आधी १४-१५ होता पण आता तेराच्या खाली रेंगाळतोय असे. शिवाय दम लागणं, केस गळणं, रात्री अंथरुणावर पाय स्वस्थ न ठेवता येणं किंवा तांदूळ-बर्फ खाण्याची ओढ असं काही असेल तो कुणीही. वर्षातून एकदा तपासलं तरी पुरे, आणि तेही पुढच्या शिबिराच्या आधी, म्हणजे मागची पिशवी भरून निघाली का ते कळतं. ताप, सर्दी, कसलीही सूज असताना तपासू नये. त्या वेळी फेरिटिन आपोआप चढतं आणि रिकामं गोडाऊन भरलेलं दिसतं. बरं वाटल्यावर दोनेक आठवडे जाऊ द्यावेत. फॅटी लिव्हर किंवा जुनाट आजार असलेल्यांचा आकडाही असाच फसवा येऊ शकतो, तिथं डॉक्टरच हवेत.

रिपोर्ट वाचताना एक खाचखळगा आहे. आमच्या एका पैलवान पोराचा आकडा १४ आला. लॅबच्या छापील मर्यादेत तो बसत होता, म्हणून कागदावर ना चांदणी, ना ठळक अक्षर. तो म्हणाला, "काका, नॉर्मल हाय." जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता म्हणते. लॅबच्या मर्यादा यंत्रागणिक वेगळ्या असतात, त्यामुळं चांदणी शोधू नका, आकडा बघा. नेदरलँड्समधल्या रक्तपेढीचा नियम मला फार पटला. १५ च्या खाली दाता सापडला तर बारा महिने सुट्टी, १५ ते ३० असेल तर सहा महिने. तीसच का? ढोबळ हिशेबानं फेरिटिनचा एक आकडा म्हणजे साठ्यातलं आठ-दहा मिलिग्रॅम लोह. तीसवर असलेल्या माणसाकडं अडीच-तीनशे मिलिग्रॅम आहे, आणि मोठी पिशवी त्यातलं सव्वादोनशे घेऊन जाते. एका शिबिरात तिजोरी साफ.

आता गोळीबद्दल. आमच्या मुलीला गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज रात्री जेवणानंतर दिली. नवव्या दिवशी तिनं बंद केली. मळमळ, बद्धकोष्ठ, आणि शौचाला काळी होत होती म्हणून घाबरली ती वेगळीच. (लोहाच्या गोळीनं शौचाला काळी होते, त्याची भीती नाही. डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर मात्र दाखवा.) परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं. एक गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं एक द्रव्य वाढतं आणि ते पुढचे चोवीस तास आतड्याचा दरवाजा अर्धवट लावून घेतं. रोज मोठी गोळी मारली की बरंचसं लोह आत न जाता पोटातच राहतं आणि त्रास देतं. म्हणून त्यांनी ६० मिलिग्रॅमची गोळी एक दिवसाआड दिली. सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर तासाभरानं. चहाची अट तिला गोळीपेक्षा जड गेली. तीन महिन्यांनी एचबी १३.४, फेरिटिन ३२. तांदूळ खाणं दुसऱ्या महिन्यातच सुटलं होतं. डॉक्टरांनी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवली आणि पुढच्या पिशवीला तोवर नाही म्हणाले. पुढं वर्षाला एकदाच द्यायचं असं तिनं स्वतः ठरवलंय.

हे झालं साठा संपलेल्याचं. ज्याचं फेरिटिन बरं आहे, पण वर्षाला तीनचारदा द्यायचंच आहे, त्याला एवढ्या मोठ्या गोळीची गरज नसते. रक्त दिल्यावर दोन महिने रोज २० ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास लोह, तेही डॉक्टरांना विचारून, इतकं पुरतं. पाकिटावरचा आकडा वाचताना मात्र सांभाळा. "फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम" याचा अर्थ २०० मिलिग्रॅम लोह नव्हे, त्यात लोह ६५ च्या आसपासच असतं. "एलेमेंटल आयर्न" पुढं लिहिलेला आकडा खरा. आणि गोळ्या पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. मोठ्याला चालणाऱ्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. कुणाच्या घरात थॅलेसेमिया मायनर असेल किंवा फेरिटिन आधीच भरपूर असेल त्यानं "ताकद येईल" म्हणून लोह खाऊ नये. शरीराला जादाचं लोह बाहेर टाकायची वाटच नाही. रक्तदान ही तेवढी एक वाट.

स्वतःचंही सांगतो, नाहीतर हे सगळं परक्याच्या पोरीवर ढकलल्यासारखं होईल. मुलीच्या निमित्तानं मीही तपासलं. चोपन्न वर्षं वय, एकोणपन्नास वेळा रक्त दिलेलं, फेरिटिन ११. मी हसत डॉक्टरांना म्हणालो, "एवढं दिलंय, कमी होणारच." ते हसले नाहीत. पन्नाशीच्या पुरुषाचं लोह कमी असेल तर ते रक्तदानानंच झालं असं धरून चालायचं नाही, म्हणाले. मूळव्याध, पोटातला व्रण, दुखण्याच्या गोळ्या सतत खाण्यानं होणारा स्राव, आतड्यातली गाठ, यांतूनही थेंबथेंब रक्त जातं, आणि नेमक्या रक्तदात्याच्या बाबतीत ते झाकलं जातं, कारण सगळ्यांना सोपं उत्तर तयार मिळतं. शौचाची तपासणी झाली, दुर्बीण झाली. माझ्यात काही निघालं नाही. पण गोळी त्यानंतर सुरू झाली, आधी नाही. हा क्रम चुकवू नका.

तर मागणं काय? रक्तपेढीच्या डॉक्टरसाहेबांना: पिशवी भरायच्या आधी तुम्ही बाजूच्या छोट्या पाउचमधून नळ्या भरून घेता आणि त्यावर एचआयव्ही, दोन्ही कावीळ, गुप्तरोग, मलेरिया बघता. त्याच नळीतल्या सीरमवर फेरिटिन होऊ शकतं, दात्याला दुसरी सुई टोचायला नको. सगळ्यांचं करा असं मी म्हणत नाही. आम्ही यादी देतो, तेवढ्यांचं करा आणि आकडा दात्याला मोबाईलवर कळवा. परदेशात तर नुसतं "तुमचं लोह कमी आहे" असं पत्र पाठवल्यावरही बऱ्याच दात्यांनी आपणहून गोळी सुरू केल्याचं दिसलं आहे. खर्च तुमच्यावर नको, तो आम्ही उचलू.

कसा उचलू, ते मंडळांनी ऐकावं. मागच्या शिबिरात आम्ही दीडशे जणांना हेल्मेटं वाटली. त्यातली निम्मी आज माळ्यावर आहेत, एक तर आमच्या शेजारी कुंडी म्हणून लटकतंय. फेरिटिन काही शे रुपयांत होतं. शंभर दात्यांत यादीत बसणारे तीसेक निघतात, हे माझ्या वहीवरून सांगतो. हेल्मेटाच्या निम्म्या पैशात त्यांची तपासणी भागते. दुसरं, एकाच पोराला चारही शिबिरांना हाका मारणं थांबवू. "भावा, आकडा कमी पडतोय, ये की" असा फोन मीच किती वेळा केलाय. आता तेच नाव पुढं ढकलून नवा माणूस शोधायचा. शिबिराची संख्या मग दोनशेची दीडशे झाली तरी बॅनरवर कुणी मोजत नाही.

येत्या २६ जूनच्या शिबिरासाठी मी वहीत दोन रकाने वाढवले आहेत, एक "फेरिटिन" आणि दुसरा "पुढची पिशवी कधी". कुणाला वहीचा नमुना हवा असेल तर तालमीत रात्री आठनंतर मी असतो.

आपला,
तालमीच्या रक्तदात्यांच्या वहीचा कारकून